तवा भरला की ऑर्डर आवरायची कशी? क्लाउड किचनमध्ये वायद्याची वेळ वाढवण्याची पद्धत

तालुक्याच्या गावातील क्लाउड किचनमध्ये संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत दिवसभराच्या बहुतेक ऑर्डर येतात. त्या वेळी किचन मागे पडू लागले की चालक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण सगळ्या ऑर्डर ‘अर्ध्या तासात’ म्हणून घेत राहतात आणि उशिरा पोहोचवतात. काही जण घाबरून ॲपच बंद करून टाकतात. खरे तर या दोन्हींच्या मध्ये एक मार्ग आहे. गिऱ्हाइकाला सांगितली जाणारी वेळ कामाच्या साठ्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढवायची. वेळ वाढली की घाईत असलेले गिऱ्हाईक आपणहून थांबते, थांबायला तयार असलेले येते आणि जे येते त्याला खरी वेळ कळलेली असते. मात्र ही वेळ अंदाजाने वाढवून चालत नाही. तिच्यामागे एक मोजमाप लागते.

पुढील सर्व आकडे एका नमुना किचनचे आहेत. वर्धा जिल्ह्यातील आर्वीएवढ्या गावातील किचन समजा. सावजी चिकन रस्सा, पाटोडी रस्सा, वांग्याची भाजी, झुणका, ज्वारीची भाकरी, भात आणि गोळाभात एवढीच यादी. दोन तवे, दोन भाकरी करणाऱ्या मावशी, काउंटरवर एक माणूस, घरपोच देणारी दोन मुले. ऑर्डर ॲपवरून, फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरून येतात. तुमचे आकडे वेगळे निघतील. हिशोबाची रीत तीच राहील.

## १. पूर्वतयारी: किचन नेमके कुठे अडते ते शोधा

ऑर्डर मोजणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ‘आत्ता आठ ऑर्डर बाकी आहेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण त्या आठही गोळाभाताच्या असतील तर दहा मिनिटांचे काम आहे आणि त्या आठांमध्ये तीस भाकरी असतील तर पाऊण तासाहून जास्त. म्हणून ऑर्डर न मोजता, ज्या एका कामापाशी सगळे थांबून राहते, ते काम मोजायचे.

नमुना किचनमध्ये रस्सा संध्याकाळी सहापर्यंत तयार असतो; ऑर्डर आल्यावर फक्त गरम करून डब्यात भरायचा असतो. भात दोन मोठ्या पातेल्यांत झालेला असतो. भाकरीचे तसे नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. भिजवलेले पीठ ठेवून दिले तर भाकरी थापताना कडेने चिरते, आणि भाजून ठेवलेली भाकरी पाऊण तासात वातड होते. त्यामुळे थोडे थोडे पीठ गरम पाण्यात मळून, त्याच वेळी थापून, त्याच वेळी भाजावे लागते. किचन अडते ते तव्यापाशी. तुमच्याकडे ते तंदूरपाशी किंवा तळणाच्या कढईपाशी अडत असेल.

खात्री करून घेण्यासाठी गर्दीच्या वेळी काउंटरवर उभे राहून पाहा. भरलेले रस्स्याचे डबे भाकरीची वाट पाहत असतील तर अडचण तव्यावर आहे. बांधून तयार झालेली पार्सले मुलांची वाट पाहत असतील तर अडचण रस्त्यावर आहे. त्यावर वेगळा उपाय लागतो. तो सहाव्या टप्प्यात आहे.

## २. तव्याचा खरा वेग मोजा

मावशींना विचारले तर त्या ‘एक भाकरी अडीच-तीन मिनिटांत होते’ असे सांगतील, आणि ते खोटे नसते. पण त्यात मध्येच पीठ मळणे, सिलिंडर बदलणे, पाणी पिणे धरलेले नसते. म्हणून एका भाकरीचा वेळ न मोजता गर्दीच्या एका पूर्ण तासात तव्यावरून उतरलेल्या एकूण भाकरी मोजाव्यात, आणि असे निदान तीन गर्दीच्या संध्याकाळी करावे. त्यांतील सर्वांत चांगला आकडा धरू नये. सर्वांत कमी आकड्याजवळचा धरावा.

नमुना किचनमध्ये दोन्ही तवे मिळून तासाला ३६ भाकरी निघतात. म्हणजे १० मिनिटांत ६. हा आकडा पाठ असला पाहिजे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर उभे आहेत.

तपासणी: साडेआठनंतरचा तास वेगळा मोजा. सहा वाजल्यापासून चुलीपुढे असलेल्या माणसाचा हात तेव्हा मंदावतो. तो आकडा बराच कमी निघाला तर रात्रभरासाठी तोच धरलेला बरा.

## ३. वायद्याच्या पायऱ्या आधीच ठरवून लिहून ठेवा

गर्दीत उभे राहून हिशोब होत नाही. तो दुपारी करावा आणि काउंटरसमोर चिकटवावा.

वायद्याच्या वेळेत चार गोष्टी येतात: तव्यावरचा वेळ, बांधणीची ५ मिनिटे, गावातल्या प्रवासाची १० मिनिटे, आणि दोन मोजण्यांच्या मधल्या काळात साठा वाढतो त्यासाठी राखीव ५ मिनिटे. शेवटच्या तिन्ही मिळून २० मिनिटे होतात आणि ती कायम राहतात. बदलतो तो फक्त तव्यावरचा वेळ. बाकी भाकरी, नव्या ऑर्डरच्या धरून, ६ असतील तर तव्याला १० मिनिटे लागतील. १५ असतील तर २५. २४ असतील तर ४०. ३३ असतील तर ५५. त्यावरून फोन आणि व्हॉट्सॲपसाठी पायऱ्या अशा ठरतात:

- ६ भाकरींपर्यंत बाकी: ३० मिनिटे
- ७ ते १५ बाकी: ४५ मिनिटे
- १६ ते २४ बाकी: ६० मिनिटे
- २५ ते ३३ बाकी: ७५ मिनिटे
- ३४ किंवा जास्त: भाकरीची ऑर्डर घेणे थांबवा

मधल्या ३५, ५० अशा पायऱ्या करू नयेत. पंधरा-पंधरा मिनिटांची पायरी गिऱ्हाइकाला कळते आणि काउंटरवरच्या माणसाच्या लक्षात राहते.

सावधान: ॲपवर हेच आकडे भरू नका. ॲपमध्ये किचनच्या हातात फक्त पदार्थ तयार करण्याची वेळ असते; प्रवासाचा वेळ ॲप स्वतः त्यात मिळवते आणि मग गिऱ्हाइकाला दाखवते. तुम्ही प्रवास धरून ४५ भरले तर प्रवास दोनदा मोजला जातो. म्हणून ॲपसाठी प्रत्येक पायरीतून १० मिनिटे वजा करावीत: २०, ३५, ५० आणि ६५. किती मिनिटांपर्यंत वेळ वाढवू दिली जाते आणि वाढवलेली वेळ काही काळाने आपोआप मागे जाते का, हे तुमच्या ॲपमध्ये दुपारच्या रिकाम्या वेळी करून पाहावे. रात्री आठ वाजता हे शोधत बसू नये.

व्हॉट्सॲपवर आपोआप जाणाऱ्या पहिल्या संदेशात किंवा छापील पत्रकावर ‘३० मिनिटांत घरपोच’ असे लिहिलेले असेल तर ते आधी काढावे. तो वायदाच आहे, आणि गर्दीच्या रात्री तो तुमच्या परवानगीशिवाय दिला जातो.

## ४. फळ्यावर एकच आकडा ठेवा

काउंटरजवळ एक लहान फळा लावावा आणि त्यावर एकच आकडा असावा: तव्यावरून उतरायच्या बाकी भाकरी. ऑर्डरची चिठ्ठी आत गेली की तितक्या भाकरी मिळवायच्या. भाकरी बांधून चिठ्ठी फाडली की तितक्या वजा करायच्या. याशिवाय दर दहा मिनिटांनी आतल्या चिठ्ठ्यांशी तो आकडा ताडून घ्यायचा, कारण घाईत वजाबाकी राहून जाते.

मालकाच्या खासगी मोबाइलवर येणाऱ्या ऑर्डर या पद्धतीला सर्वांत जास्त पोखरतात. लहान गावात सगळेच ओळखीचे असतात, ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून पंधरा मिनिटांचा शब्द दिला जातो, आणि त्या सहा भाकरींची चिठ्ठीच निघत नाही. फळ्यावरचा आकडा तिथेच खोटा होतो आणि मागच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा वायदा दहा मिनिटांनी चुकतो. ओळखीच्या माणसाला पैसे कमी लावा हवे तर. तव्यावरचा नंबर मात्र त्याला रांगेतलाच द्या.

१० पेक्षा जास्त भाकरींची ऑर्डर या फळ्यावर घेऊ नये. ती दुपारी चारपर्यंत नोंदवून घ्यावी आणि तिच्या भाकरी सातच्या आत किंवा साडेनऊनंतर कराव्यात.

## ५. वेळ कधी वाढवायची आणि कधी उतरवायची

वाढवण्याचा नियम सोपा आहे. दर दहा मिनिटांनी, आणि पाचपेक्षा जास्त भाकरींची ऑर्डर आल्यास लगेच, फळा पाहायचा आणि आकडा वरच्या पायरीत गेला असेल तर त्याच क्षणी वेळ वाढवायची. पहिली तक्रार येण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, कारण तक्रार करणाऱ्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना जुनाच वायदा दिलेला असतो.

त्यासोबत गेल्या दहा मिनिटांत नव्या किती भाकरी आल्या तेही पाहावे. तवा दहा मिनिटांत ६ भाकरी उतरवतो. नव्या भाकरी ६ पेक्षा जास्त असतील तर साठा वाढतोच आहे, म्हणजे सध्याची वेळ ओघ आवरायला पुरेशी नाही. आकडा पायरीच्या काठावर असताना असे दिसले तर एक पायरी आधीच चढावे.

उतरवण्याचा नियम वेगळा आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. फळा १६ वरून १५ वर आला म्हणून लगेच ६० चे ४५ केले तर पुढच्या दोन ऑर्डरनंतर पुन्हा ६० करावे लागते. काउंटरवरचा माणूस वैतागतो आणि शेवटी बदलणेच सोडून देतो. म्हणून चढण्याचा आणि उतरण्याचा आकडा वेगवेगळा ठेवावा. ज्या आकड्याला ती पायरी सुरू होते त्याच्या ५ खाली फळा आला, आणि लागोपाठ दोन मोजण्यांत तसाच राहिला, तरच एक पायरी उतरावे. म्हणजे ७५ वरून ६० वर येण्यासाठी फळा २० किंवा खाली हवा, ६० वरून ४५ साठी ११, आणि ४५ वरून ३० साठी २. एका वेळी दोन पायऱ्या कधीही उतरू नये.

एका संध्याकाळचा हिशोब पाहू. साडेसातला फळ्यावर ४ आहेत आणि वेळ ३० मिनिटे चालू आहे. ७:४० पर्यंत ११ भाकरी आल्या, ६ उतरल्या; फळा ९. वेळ ४५ केली. ७:५० पर्यंत १४ आल्या, फळा १७. वेळ ६०. आठपर्यंत १० आल्या, फळा २१. ८:१० पर्यंत ९ आल्या, फळा २४. नियमाने अजून ६० चीच पायरी आहे, पण आकडा काठावर आहे आणि दहा मिनिटांत ६ ऐवजी ९ येत आहेत, म्हणून ७५ केली. त्यानंतर ओघ खाली आला. ८:२० पर्यंत ४ आल्या आणि फळा २२ झाला. ८:३० पर्यंत ३ आल्या, फळा १९. ८:४० पर्यंत ४, फळा १७. लागोपाठ दोनदा २० च्या खाली दिसल्यामुळे ८:४० ला ६० वर उतरता येते.

या हिशोबात राखीव पाच मिनिटांचे काम दिसते. ७:३९ ला आलेल्या गिऱ्हाइकाला ३० मिनिटे सांगितली होती, पण त्याची भाकरी नववी होती. तव्याला १५, बांधणीला ५, प्रवासाला १०, बरोबर तीस. राखीव वेळ पूर्ण खर्ची पडली, पण शब्द पाळला गेला. आणि ८:१० ला रांगेतल्या चोविसाव्या भाकरीचे गिऱ्हाईक? त्याची भाकरी उतरायलाच चाळीस मिनिटे लागणार होती. त्यालाही तीसच सांगितले असते तर घरी पोहोचायला निदान पंचवीस मिनिटे उशीर ठरला असता.

सावधान: वाढवलेली वेळ फक्त नव्या ऑर्डरसाठी असते. आधी शब्द दिलेल्या ऑर्डरची वेळ मागून पुढे ढकलू नये, आणि नव्या ऑर्डर आधी काढून जुन्या मागे टाकू नयेत. चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने तव्यावर जातात.

## ६. फोनवर काय सांगायचे, आणि मुलेच कमी पडली तर

फोनवर एक सोय आहे जी ॲपवर बहुधा नसते: पदार्थाप्रमाणे वेगळी वेळ सांगता येते. भात तव्याच्या रांगेत नाही. त्यामुळे फळ्यावर २० बाकी असतानाही रस्सा-भात अर्ध्या तासात जाऊ शकतो. काउंटरवरच्या माणसाने हे आधी सांगावे आणि आपल्या बोलीतच सांगावे: ‘भाऊ, भाकरीले आता एक घंटा लागन. भात चालत असन तं अर्ध्या घंट्यात पोचवतो.’ काही जण भात घेतील, तेवढा तवा हलका होईल. ‘थोडा उशीर होईल’ असे मोघम उत्तर मात्र देऊ नये. त्याचा अर्थ ऐकणारा दहा मिनिटे असाच घेतो.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली म्हणजे ती घेतली असे होत नाही. वेळ लिहून उत्तर पाठवायचे आणि गिऱ्हाइकाने ‘चालेल’ म्हटल्यावरच चिठ्ठी काढायची. जुना संदेश वीस मिनिटांनी उघडला असेल तर त्या वेळच्या फळ्यावरून वेळ सांगावी.

बांधलेली तीनपेक्षा जास्त पार्सले मुलांसाठी थांबलेली दिसली तर तव्याचा आकडा कितीही कमी असो, फोन आणि व्हॉट्सॲपची वेळ एक पायरी वाढवावी. ॲपची वाढवू नये, कारण तिथली मुले ॲपची असतात. गावाबाहेरच्या वस्तीची किंवा पाच-सात किलोमीटरवरच्या खेड्याची ऑर्डर असेल तर प्रवासाची १० मिनिटे पुरत नाहीत. त्या रस्त्याला खरोखर लागणारा वेळ, वाटेत रेल्वेचे फाटक असल्यास तेही धरून, वेगळा मिळवावा. एक मुलगा खेड्याकडे गेला की गावात एकच उरतो. गर्दीच्या दोन तासांत अशा ऑर्डर न घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

## ७. वरची मर्यादा: वेळ वाढवणे जिथे पुरे होते

फळा ३४ वर गेला की वेळ ९० मिनिटे करू नका. इतका वेळ थांबायला हो म्हणणारे गिऱ्हाईक मध्येच दुसरीकडून मागवते आणि मग तुमची ऑर्डर रद्द करते. तोवर भाकरी झालेली असते. इथे ओघ आवरण्याचे साधन बदलावे लागते. ॲपवर भाकरी आणि भाकरी असलेल्या थाळ्या ‘उपलब्ध नाही’ कराव्यात, भाताचे पदार्थ चालू ठेवावेत. संपूर्ण किचन बंद केले तर ज्यांना भात हवा होता तेही जातात, आणि तव्याचा त्यात काहीच फायदा होत नाही.

फक्त भात चालू असताना ॲपवरील वेळ २० मिनिटांवर आणता येते. पण भाकरी पुन्हा सुरू करताना क्रम चुकवू नये. फळा दोन मोजण्यांत २९ किंवा खाली दिसला की आधी वेळ ६५ करावी, मग भाकरी उपलब्ध करावी. उलट केले तर मधल्या मिनिटभरात वीस मिनिटांच्या वायद्यावर भाकरीच्या चार ऑर्डर पडू शकतात.

शेवटची ऑर्डरही फळ्यावरूनच ठरते. तवे दहा वाजता बंद करायचे असतील तर साडेनऊला फळ्यावर जास्तीत जास्त १८ आणि पावणेदहाला ९ भाकरी चालतील. त्यापेक्षा जास्त असतील तर भाकरी तिथेच बंद करावी, घड्याळात कितीही वाजलेले असोत.

## ८. तरीही उशीर होतच असेल तर

सिलिंडर संपला, मावशीचा हात भाजला, पाऊस लागला, असे काही होतेच. एखाद्या ऑर्डरचा वायदा चुकणार हे दिसताच, वेळ संपण्याच्या निदान दहा मिनिटे आधी काउंटरवरून फोन करावा आणि एकदाच नवी वेळ सांगावी. ती सांगताना फळा पाहून हिशोबाने निघते त्यापेक्षा दहा मिनिटे जास्त सांगावीत. दुसऱ्यांदा ‘अजून दहा मिनिटे’ सांगण्याची पाळी आणू नये.

ॲपवर ‘तयार आहे’ हे बटण पार्सल खरोखर बांधल्यावरच दाबावे. मुलगा लवकर यावा म्हणून आधीच दाबले तर तो येऊन दारात उभा राहतो, घाई करतो आणि शेवटी दुसऱ्याच चिठ्ठीचे पार्सल आधी बांधायला लावतो.

रात्री हिशोब मिटवताना वेगवेगळ्या वेळच्या पाच चिठ्ठ्या काढून वायद्याच्या वेळेतून प्रवासाची मिनिटे वजा करून येणारी निघण्याची वेळ आणि पार्सल खरोखर निघाल्याची वेळ शेजारी शेजारी लिहावी. सगळीच पार्सले पंधरा मिनिटे आधी निघत असतील तर तुमच्या पायऱ्या फार सैल आहेत आणि तुम्ही विनाकारण गिऱ्हाईक परत पाठवता आहात. साडेआठनंतरचीच उशिरा निघत असतील तर तव्याचा वेग तुम्ही जास्त धरला आहे. समजा खरा वेग तासाला ३० निघाला, तर ६, १५, २४ आणि ३३ या मर्यादांऐवजी ५, १२, २० आणि २७ लिहाव्यात. वायद्याची मिनिटे तीच राहतात, फक्त पायरी लवकर चढावी लागते. एक मावशी सुट्टीवर असेल त्या दिवशी मर्यादा निम्म्यावर येतात: ३, ७, १२ आणि १६. हे दोन्ही तक्ते पहिल्या तक्त्याच्या खाली आधीच चिकटवून ठेवावेत, म्हणजे सहा वाजता ‘आज मावशी येत नाहीत’ असा निरोप आला तरी काउंटरवरच्या माणसाला फक्त खालच्या तक्त्याकडे पाहायचे असते.